मजकूर आधी, मायना नंतर

ठमीचा फोटो आला तेव्हा बाई मागच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा पुसत होत्या. वरचे दोन कप्पे रिकामे करून झाले होते. जुने स्वेटर, नवऱ्याची फाइल, सुटे गुंडाळलेले पडदे, सगळं पलंगाखाली गेलं होतं. लेक घरी राहायला येणार म्हटल्यावर तिला कपाट नको का? नोकरी अजून लागली नव्हती, हे बाईंना ठाऊक होतं. पण दोन मुलाखती झाल्या म्हणजे पोर उंबऱ्यात आलीच, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. बाजारात तुरी, तशातली गत.

ठमी म्हणजे त्यांची एकुलती लेक. नाव चांगलं चारचौघांसारखं ठेवलेलं, पण लहानपणी गोलमटोल होती म्हणून ठमी म्हणायला लागले आणि चाळिशी जवळ आली तरी ते सुटलं नाही. लांबच्या शहरात एका कंपनीत हिशेब तपासायची. ती कंपनी माणसं कमी करायला निघाली तेव्हा बाईंनीच इथल्या पंपांच्या कारखान्याची जाहिरात वर्तमानपत्रात पाहून तिला पाठवली होती. कारखाना घरापासून चालत जाण्यासारखा. बाईंनी तो रस्ता एकदा चालूनही पाहिला होता, डबा घेऊन जाणाऱ्या माणसाच्या चालीने.

हात पुसून त्यांनी चष्मा लावला. ठमीने शब्द एकही लिहिला नव्हता. नुसता फोटो होता, म्हणजे तिच्या फोनवर आलेल्या पत्राचाच काढलेला, ज्याला मुलं स्क्रीनशॉट म्हणतात तो.

'आपण आमच्या संस्थेत दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत. आपली पात्रता आणि अनुभव यांचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला. तथापि, या पदासाठी आम्ही अन्य उमेदवारासह पुढे जाण्याचे ठरवले आहे. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

शुद्धलेखन चोख होतं. बाईंच्या मनात पहिलं तेच आलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

त्यांनी ठमीला फोन लावला. तिने घेतला नाही. 'नंतर', एवढंच आलं.

नंतर म्हणजे कधी, हे ठमीच्या बाबतीत सांगता यायचं नाही. बाई फोन मांडीवर ठेवून पुन्हा पुन्हा तो फोटो मोठा करून बघत राहिल्या. असली पत्रं त्यांनी आयुष्यभर टाइप केली होती. एका मोठ्या कचेरीच्या आस्थापना शाखेत त्या टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. भरती निघाली की एकाला होकार जायचा आणि बाकी गठ्ठ्याला 'कळविण्यास खेद वाटतो'. तेव्हा खेद तरी वाटायचा. या पत्रात तोही नव्हता, नुसत्या शुभेच्छा. पहिल्या वर्षी त्यांनी साहेबांना विचारलं होतं, "साहेब, कारण नाही लिहायचं?" साहेब म्हणाले होते, "बाई, कारण लिहिलं की माणूस ते कारण घेऊन भांडायला येतो. खेद घेऊन कोणी येत नाही." तेव्हा बाई हसल्या होत्या. आज पत्र आपल्याच दारात आल्यावर त्यांना त्या साहेबांचा राग आला, इतक्या वर्षांनी.

चार वाजता वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई चहाला आल्या. त्याही निवृत्त, त्याही एकट्या. जिना उतरताना गुडघ्यांच्या नावाने शिव्या देत यायच्या.

"तोंड का असं? कोणी गेलं का?"

"ठमीला नाही घेतलं."

नर्सबाईंनी फोन हातभर लांब धरून पत्र वाचलं. "अगदी गोड लिहिलंय गं. आमच्याकडे पेशंट गेला की डॉक्टर असंच बोलायचे. 'आम्ही सर्व प्रयत्न केले.'"

"चेष्टा सुचतेय तुला."

"मग काय रडू? अगं, एवढं हातपाय गाळायला काय झालं. माझ्या भाच्याला असंच पत्र आलं होतं. त्याने उलट लिहिलं."

"भांडला?"

"छे. नम्रपणे. की साहेब, नाही घेतलंत, ठीक आहे, पण माझं काय कमी पडलं ते सांगा. हल्ली विचारतात म्हणे तसं. अभिप्राय मागायचा. दहांतले नऊ जण उत्तरच देत नाहीत. पण त्याला त्या मुलाखतवाल्या बाईने दिलं, दोन ओळी. आणि पुढच्या जागेला तिने आठवण ठेवून बोलावलं."

बाई चहा ओतता ओतता थांबल्या. "म्हणजे पुन्हा बोलावतात?"

"एकाला बोलावलं. सगळ्या जगाचं मी कसं सांगू? पण एक आहे हं, गळा काढायचा नाही. माझी आई म्हातारी आहे, कपाट रिकामं केलंय, असलं काही लिहायचं नाही. आधी आभार, मग एकच प्रश्न, आणि संपलं."

"कपाटाचं तुला कोणी सांगितलं?"

"पलंगाखालून पडदे डोकावतायत, टायपिस्टबाई. मला डोळे आहेत."

नर्सबाई गेल्यावर बाईंना चैन पडेना. ठमी असलं काही लिहिणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ती मानी. पडलं की धूळ न झटकता चालायला लागणारी. पण मसुदा हातात आयता दिला तर? नाव घालायचं, पाठवायचं, एवढंच काम उरलं तर? पुष्कळ दिवसांनी आपण लेकीच्या उपयोगी पडू असं काही त्यांना सापडलं होतं. त्या खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या, पाठ ताठ केली, जशी मशीनसमोर करायच्या.

कचेरीतली त्यांची एक रीत होती. मजकूर आधी, मायना नंतर. साहेब येरझाऱ्या घालत सांगायचे, तेव्हा पत्र कोणाला जायचं हे बरेचदा ठरलेलंच नसायचं. म्हणून वर जागा सोडायची, मधला मजकूर टाइप करायचा, आणि 'महोदय' की 'माननीय', खाली सही कोणाची, ते शेवटी भरायचं. ती सवय हाडात मुरली होती. शिवाय इथे मायना घालणार तरी कसा? फोटोत पत्राचा वरचा आणि खालचा भाग कापला गेला होता. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही.

बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी त्या फोटोखालीच, त्याला जोडून उत्तर लिहिता येतं तसं, लिहिलं.

'आपला निर्णय समजला. तो मी मनापासून स्वीकारते. आपण माझ्यासाठी वेळ काढलात आणि माझे म्हणणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी आभारी आहे. यात तक्रार नाही. एकच विनंती आहे. माझ्यात काय कमी पडले, हे दोन ओळींत कळवलेत तर मला सुधारता येईल. पुढे कधी योग्य वेळ आली तर माझा जरूर विचार व्हावा.'

दोनदा वाचलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागेवर. मागे एकदा असाच लांब मजकूर लिहून ठेवला आणि फोन बंद पडून तो नाहीसा झाला होता, म्हणून त्यांनी तो आधी पाठवून टाकला. 'हा तुझ्यासाठी मसुदा' वगैरे मागाहून लिहायचं होतं. पण त्याआधी एक शंका होती. फोन चार्जिंगला लावून त्या जिना चढल्या.

नर्सबाई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या.

"अगं, तुझ्या भाच्याने ते लिहिलं कोणाला? त्याच पत्राला उत्तर दिलं?"

"नाही नाही. तो पत्ता म्हणे नुसता पाठवायचा असतो, त्यावर आलेलं कोणी वाचत नाही. मशीनच पाठवतं, मशीनलाच काय अभिप्राय मागणार? ज्या बाईने मुलाखतीची वेळ ठरवायला लिहिलं होतं ना, तिचा पत्ता होता त्याच्याकडे. तिला लिहिलं."

"म्हणजे ठमीला विचारायला हवं, तिच्याकडे तसा कोणाचा पत्ता आहे का."

"विचार की मग. हा टॉवेल धर. आणि बस जरा, आलीस तशी लगेच कुठे पळतेस? खाली कोण वाट बघतंय?"

कोणीच बघत नव्हतं, म्हणून बाई बसल्या. नर्सबाईंनी परगावच्या सुनेच्या चार कागाळ्या सांगितल्या, गुडघ्याच्या नव्या तेलाची बाटली दाखवली. खाली आल्या तेव्हा उन्हं भिंतीवरून वर सरकली होती आणि फोनवर ठमीच्या मेसेजांची रांग लागली होती. इतके शब्द तिने एका वेळी कधी लिहिल्याचं बाईंना आठवेना.

'आई हे काय?'

'मी तुला आपण कधीपासून झाले?'

'टोमणा मारायचा तर सरळ मार. असं ऑफीसातल्या सारखं नको.'

मग थोडा वेळ सोडून,

'तुला कळलंच असणार. नाहीतर असं लिहीलं नसतंस. हो माझाच निर्णय आहे. त्यांनी विचारलं इथे कायमच्या राहणार ना, आधीची दोन माणसं लगेच सोडून गेली. मी हो म्हणाले नाही. सांगता येत नाही म्हणाले. तिथेच संपलं ते. त्यांनी नाही नाकारलं मीच हात सोडला.'

'आणि तू विचारतेस माझ्यात काय कमी पडलं.'

'कमी काही नाही पडलं. मागच्या वर्षी मी तुला लिहीलं होतं मला खूप एकटं वाटतय. तू उत्तर दिलंस, वाटतंय. त वर टिंब.'

'तेव्हापासून मी फोटोच पाठवते. फोटोत चूक निघत नाही.'

'आता ह्यातल्या काढ.'

बाईंना आधी काही उमगेना. 'आपण' म्हणजे कोण? निर्णय कोणाचा? मग त्यांनी मेसेज वर सरकवून आपलाच मजकूर पुन्हा वाचला, ठमीच्या डोळ्यांनी. वर मायना नाही, खाली सही नाही. आईने लेकीला लिहिलेलंच दिसत होतं ते. आपला निर्णय समजला. माझा जरूर विचार व्हावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, ताबडतोब लिहावं की अगं वेडे, ते कारखान्याला होतं. बोट तिथवर गेलंही. पण त्याआधी त्या वर वर सरकत गेल्या, मागच्या महिन्यांतून, मागच्या वर्षात. ठमीचे फोटो होते. बसच्या काचेवरची धूळ. नवे बूट. कोणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा केक. एका इमारतीचं रिकामं आवार. प्रत्येकाखाली बाईंचं 'छान'. बसच्या धुळीलाही छान. त्या वर जात राहिल्या, आणि ती ओळ सापडली. 'मला खूप एकटं वाटतय.' खाली त्यांचं उत्तर. त्याखाली दुसऱ्या दिवशीचं ठमीचं काही नाही, तिसऱ्या दिवशीचं नाही, मग एकदम एक फोटो, मांजराचा.

ती दुपार बाईंना आठवली. लख्ख आठवली. फोन वाजल्याचा आनंद झाला होता. मग ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं होतं, कारण त्या दिवशी त्या स्वतः सकाळपासून कोणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. काय लिहावं? मलाही, असं लिहावं? आईने लेकीला असं लिहायचं असतं का? सुचेना. आणि काही सुचलं नाही की त्यांचा हात नेहमी चुकीकडे जायचा, कारण चूक तेवढी नक्की माहीत असायची. ठमी लहान असताना शाळा सुटल्यावर कचेरीत यायची, त्यांच्या टेबलाखाली बसून बाद झालेल्या कागदांच्या पाठीवर लिहायची. कागद वर सरकवायची, बाई टाइप करता करता लाल पेन्सिलने खूण करून खाली सरकवायच्या. खुणा कमी झाल्या की पोर टेबलाखालून हसायची. ते त्या दोघींचं बोलणं होतं. बाईंना वाटत आलं होतं, अजून तेच चाललंय.

त्यांनी फोन लावला. या वेळी ठमीने घेतला.

"ठमे."

"बोल."

"अगं, ते मी तुला नव्हतं लिहिलं."

"मग कोणाला?"

"कारखान्याला. म्हणजे तू कारखान्याला पाठवावंस म्हणून मसुदा केला होता. अभिप्राय मागायचा. वरचीचा भाचा आहे ना, त्याने मागितला होता. मायना घालायचा राहिला आणि मी वर गेले, पाठवायचं कोणाला ते विचारायला."

मग ठमीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग चांगलं मोठ्याने, आणि मध्येच ते हसणं कुठेतरी अडकलं आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुला काहीच माहीत नव्हतं?"

"काहीच नाही."

"आणि मी आपली सगळं ओकून बसले."

"बरं झालं."

"काय बरं झालं? उगाच तुला लागलं असेल."

"लागलं," बाई म्हणाल्या. "पण विचारलं मीच ना. चुकून का होईना."

"तू जाणूनबुजून कधी विचारलं नसतंस."

"नसतं. आपल्याकडे कुठे कोणी कोणाला असं विचारतं? तुझ्या आजीने मला विचारलं का, सूनबाई, माझं काय कमी पडतं? विचारलं असतं तर मी चार पानं टाइप करून दिली असती."

"कार्बन घालून."

"तीन प्रतींत."

दोघी हसल्या. मग हसू संपलं आणि बाईंना तो प्रश्न विचारावाच लागला. तो टाळून पुढे जाता येण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे तू येणार नाहीस."

"नाही, आई." थोडं थांबून ती म्हणाली, "दुसरीकडून बोलावणं आलंय. हो म्हणणार आहे. आणखी लांब आहे ते."

"किती?"

"लांब आहे."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही." मग बाईंना वाटलं, हेही 'छान'सारखंच झालं. "थोडी रागावले. जास्त वाईट वाटलं. मी कपाट रिकामं केलं होतं."

"कशाला केलंस? अजून नक्की नव्हतं काही."

"मला ठाऊक होतं. तरी केलं."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाशी धरला. चार्जरची तार आखूड, म्हणून त्यांना भिंतीला टेकून उभं राहावं लागत होतं. खोलीत अंधारून आलं होतं, पण दिव्याचं बटण तारेच्या पलीकडे होतं.

"ठमे, त्या दिवशी तुला एकटं का वाटत होतं?"

"कुठल्या दिवशी?"

"ज्या दिवशी लिहिलं होतंस."

"आता काय त्याचं? आठवत नाही."

तिला आठवत होतं. इतकं बाईंना कळलं. टिंब आठवतं त्याला दिवस आठवणार नाही का? पण आता ते मागून मिळण्यासारखं राहिलं नव्हतं. वर्षभरापूर्वी ते आपण होऊन दारात आलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मला मात्र वाटत होतं. त्या दिवशी. मलाही."

बाईंना वाटलं, तुटला फोन. मग ठमीचा आवाज आला.

"मला स्वयंपाक करायचाय, आई. भांडी पण पडलीत."

"कर ना. मी ठेवते."

"नको ठेवूस. राहू दे चालू. मी इथे ओट्यावर ठेवते फोन. काही बोलायला नको. नुसती राहा."

"राहते."

खट असा आवाज झाला, फोन कशावर तरी टेकवल्याचा. मग नळ सुटला. पाणी कशावर पडतंय त्यावरून बाईंना कळलं, मोठं भांडं आहे, सिंकच्या तळाशी. नळ ओट्याला लागूनच असावा, कारण पावलं दोनच वाजली. मग एक खिडकी सरकवल्याचा आवाज, आणि बाहेरून दूर कुठेतरी गाडीचा. त्या घरात ठमी इतकी वर्षं राहत होती आणि बाईंनी ते एकदाही पाहिलं नव्हतं. फोटोत कधी आलं नव्हतं. आता सोडायची वेळ आली तेव्हा त्या भिंतीला टेकून, अंधारात, डोळे मिटून ते ऐकत होत्या. नळ बंद झाला. कपाटाचं दार उघडलं, कुरकुरलं. त्याला तेल हवं होतं.

ठमीने फळीवर सुरी टेकवली आणि काहीतरी चिरायला लागली, सावकाश, अंतर ठेवून. सुरीच्या पात्यापासून तिचा डावा हात किती लांब असेल याचा अंदाज घेत त्या उभ्या राहिल्या.